वायरगार्डचं पॅनेल ठेवायचं कुठे?

वायरगार्डचा सर्व्हर इंटरनेटवर चोवीस तास चालू असतो, पण बाहेरून चाचपणाऱ्याला तो सापडत नाही. बहुतेक सेवा अनोळखी माणसालाही काही ना काही उत्तर देतात, निदान ‘परवानगी नाही’ एवढं तरी म्हणतात. वायरगार्ड तेवढंही म्हणत नाही. त्याच्याशी बोलू पाहणाऱ्याने पहिल्याच संदेशावर एक शिक्का मारून पाठवावा लागतो आणि तो शिक्का सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ठाऊक असल्याशिवाय तयार होत नाही. शिक्का चुकला की संदेश टाकून दिला जातो आणि समोरच्याला काहीच कळवलं जात नाही. इंटरनेटवर रात्रंदिवस पोर्ट तपासत फिरणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामांना त्या जागी काहीतरी आहे की काहीच नाही, हे सांगता येत नाही.

दूरच्या दोन संगणकांमध्ये इंटरनेटवरूनच एक बंदिस्त, कूटबद्ध मार्ग, म्हणजे टनेल, तयार करणारं हे सॉफ्टवेअर जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलं. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ते थेट कर्नेलमध्ये आलं. त्याचा मूळ गाभा जेमतेम चार हजार ओळींचा आहे. आधीच्या व्हीपीएन सॉफ्टवेअरांच्या मानाने हा आकार अगदीच लहान, म्हणून एखाद्या जाणकाराला तो बसून सगळा वाचता येतो. हा आकार लहान ठेवण्यासाठी डोनेनफेल्ड यांनी बऱ्याच गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या. वायरगार्डमध्ये वापरकर्त्यांची नावं नाहीत, पासवर्ड नाहीत, आणि किल्ल्या कोणाला कशा पोचवायच्या याचीही सोय नाही. ते काम चालवणाऱ्याचं.

ही उरलेली जागा भरून काढायला ब्राउझरमधून चालणारी पॅनेलं आली. wg-easy, वायरगार्ड-यूआय, डब्ल्यूजी-डॅशबोर्ड अशी बरीच आहेत, बहुतेक मोफत आणि मुक्तस्रोत. स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर स्वतः चालवणाऱ्यांमध्ये wg-easy खूप वापरलं जातं, म्हणून इथे त्याचंच उदाहरण घेतो.

समजा साताऱ्यात एका चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस आहे. ऑफिसातल्या एका विंडोज संगणकावर टॅली आणि सगळ्या अशिलांच्या फायली आहेत. घरून काम करणाऱ्यांना रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकावर यायचं असतं. ऑफिसच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे, त्यामुळे बाहेरून थेट आत शिरता येत नाही. उपाय म्हणून मॅडमनी एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर वायरगार्ड बसवलं. ऑफिसचा संगणक त्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, बाकीची मंडळीही त्याच सर्व्हरशी जोडून घेतात आणि त्याच्यामार्फत टॅलीपर्यंत पोचतात. भागीदार दोघं, पगारी माणसं चार, आर्टिकलशिपची मुलं पाच-सहा. प्रत्येकाचा लॅपटॉप, काहींचे फोन. मुलं येतात-जातात.

हे हाताने सांभाळायचं म्हटलं तर काम अवघड नाही, पण किचकट आहे. प्रत्येक उपकरणावर किल्ल्यांची एक जोडी तयार करायची. खाजगी किल्ली त्या उपकरणावरच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरला सांगायची आणि त्या उपकरणाला टनेलमधला एक पत्ता नेमून द्यायचा. सर्व्हरवर त्यासाठी एवढी एकच आज्ञा पुरते:

```
wg set wg0 peer <PUBLIC_KEY> allowed-ips 10.8.0.7/32
```

हे कायम राहावं म्हणून संरचनेच्या फायलीतही लिहून ठेवायचं. चुका होतात त्या इथेच. दोन उपकरणांना नजरचुकीने एकच पत्ता दिला तर वायरगार्ड तक्रार करत नाही. तो पत्ता नंतरच्याला मिळतो आणि आधीच्याचं काम गुपचूप बंद पडतं. फायलीत चव्वेचाळीस अक्षरी किल्ल्यांची रांग असते, त्यातली कोणती कोणाची हे शेजारी लिहून ठेवलं नसेल तर सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. मग एखादा मुलगा आर्टिकलशिप संपवून जातो आणि त्याची किल्ली कोणी काढत नाही, कारण ती त्याचीच आहे याची खात्री नसते.

पॅनेल ही अडचण खरोखर दूर करतं. ब्राउझरमध्ये नावांची यादी दिसते, कोण शेवटचं केव्हा जोडलं गेलं हे दिसतं, नवं नाव लिहिलं की पत्ता आपोआप नेमला जातो आणि क्यूआर कोड समोर येतो. फोनमधल्या वायरगार्ड अॅपने तो टिपला की काम झालं. फोन हरवला तर त्या नावापुढचं बटण बंद करायचं. याला नुसती सोय म्हणून खाली लेखू नये असं मला वाटतं. गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद होणं ही सुरक्षिततेचीच बाब आहे, आणि आज्ञावली टाइप करायला घाबरणाऱ्या ऑफिसात ती पॅनेलशिवाय वेळेवर होत नाही.

तर मग अडचण कुठे आहे? पॅनेल स्वतः एक वेबसाइट आहे, आणि वेबसाइट मौन पाळत नाही. वायरगार्ड ५१८२० या पोर्टवर गप्प बसलेलं असतं. Wg-easy चं पॅनेल शेजारच्याच ५१८२१ वर येणाऱ्या प्रत्येकाला लॉगिनचं पान दाखवतं. चाचपणाऱ्या प्रोग्रामाला आता तिथे काय आहे हे कळलं, कोणतं सॉफ्टवेअर आहे हेही कळलं. इथून पुढे हल्लेखोराला वायरगार्डच्या गणिताशी झुंजावं लागत नाही. त्याचा सामना असतो एका पासवर्डशी, आणि ते पान तयार करणाऱ्या प्रोग्रामातल्या, तसंच त्याने वापरलेल्या इतरांच्या जावास्क्रिप्ट पॅकेजांमधल्या चुकांशी.

हे दार अनेकांच्या नकळत उघडं राहतं, त्यामागे डॉकरची एक लकब आहे. wg-easy डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे एका वेगळ्या खोक्यात, चालतं. मॅडमच्या सर्व्हरवर उबंटूची ufw ही फायरवॉल आहे आणि तिच्यात फक्त दोन पोर्ट उघडे ठेवलेत: दूरस्थ लॉगिनसाठी २२ आणि वायरगार्डसाठी ५१८२०. `sudo ufw status` विचारलं तर यादीत तेवढेच दोन दिसतात. तरीही बाहेरून ५१८२१ उघडतं. याचं कारण असं की कंटेनरचा पोर्ट जाहीर केला की डॉकर स्वतःचे नियम कर्नेलच्या जाळ्यात घालतं आणि येणारा संदेश ufw च्या तपासणीपर्यंत पोचण्याआधीच कंटेनरकडे वळवतं. ufw खोटं बोलत नाही. तिच्या वाट्याला तो संदेश येतच नाही. डॉकरच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, पण ‘फायरवॉल लावली आहे’ म्हणून निश्चिंत झालेला माणूस ते वाचायला जात नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची फायरवॉल मात्र यंत्राच्या बाहेर असते, त्यामुळे ती हा पोर्ट खरोखर अडवते.

त्यात आणखी भर म्हणजे wg-easy च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड ठेवायला विसरलं तर पॅनेल पासवर्ड न विचारताच उघडत असे. पासवर्ड ठेवला, पण पान साध्या http वर असेल तर तो लॉजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर उघडा प्रवास करतो. वायरगार्ड-यूआयमध्ये सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही admin असतात, बदलले नाहीत तर तेच राहतात.

पॅनेलच्या आत काय ठेवलेलं असतं, हे पाहिलं की जोखमीचा अंदाज येतो. क्यूआर कोड दाखवायचा तर त्यात त्या फोनची खाजगी किल्ली असावी लागते, आणि ती असायची तर सर्व्हरनेच ती तयार केलेली असावी लागते. वायरगार्डचा मूळ हेतू असा होता की खाजगी किल्ली ज्या उपकरणाची, त्याच्याबाहेर ती कधी जाऊच नये. पॅनेलमध्ये हा हेतू पहिल्याच क्लिकला मोडतो. wg-easy च्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत `wg0.json` नावाच्या एका फायलीत सर्व्हरची खाजगी किल्ली आणि सगळ्या उपकरणांच्या खाजगी किल्ल्या साध्या अक्षरांत लिहिलेल्या असत. २०२५ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीत फायलीऐवजी डेटाबेस आला, पण किल्ल्या सर्व्हरवरच राहतात. सोसायटीतल्या प्रत्येक घराच्या किल्लीची जोडकिल्ली वॉचमनच्या एकाच खणात ठेवावी, तसं हे आहे. त्या फायलीची प्रत रोजच्या बॅकअपबरोबर कुणाच्या क्लाउड खात्यात जात असेल तर तो खण तिथेही उघडा आहे.

दुसरी गोष्ट कंटेनरच्या अधिकारांची. wg-easy ला जाळ्याचे नियम बदलायचे असतात म्हणून NET_ADMIN हा अधिकार द्यावा लागतो. प्रकल्पाच्या नमुना फायलीत त्याबरोबर SYS_MODULE हाही असतो, म्हणजे कर्नेलमध्ये मॉड्यूल घालण्याची मुभा. कर्नेल सगळ्या कंटेनरांचं आणि खुद्द यंत्राचं एकच असतं. त्यात हवा तो कोड घालता येणाऱ्याला खोक्याची भिंत उरत नाही, सगळं यंत्र त्याचं. शिवाय टनेल सुरू होताना किंवा बंद होताना चालवायच्या आज्ञा लिहिण्याची सोय वायरगार्डच्या संरचनेत असते, आणि त्या आज्ञा रूटच्या अधिकाराने चालतात. वायरगार्ड-यूआयमध्ये, तसंच wg-easy च्या पंधराव्या आवृत्तीत, या आज्ञा पॅनेलच्या पानावरूनच बदलता येतात. म्हणजे अशा पॅनेलचा पासवर्ड हाती लागलेल्या माणसाला फक्त नावं घालता-काढता येतात असं नाही. आज्ञाही चालवता येतात.

आता साताऱ्याच्या उदाहरणात हे कसं घडेल ते पाहू. ५१८२१ उघडं आहे, आवृत्ती जुनी आहे, पासवर्ड दुबळा आहे. रात्री कोणीतरी आत शिरतो. तो दोनपैकी एक करेल. ‘नवीन’ बटण दाबून स्वतःसाठी एक नोंद तयार करेल आणि टनेलमध्ये येईल. तिथून ऑफिसच्या विंडोज संगणकाचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ हा पोर्ट, त्याला सरळ दिसतो, कारण टनेलच्या आत सगळे एकमेकांना पोचू शकतात. पण ही नोंद यादीत दिसते, निदान लक्ष देणाऱ्याला तरी. चतुर माणूस नवी नोंद करणारच नाही. तो आधीपासून असलेल्या एखाद्या नोंदीची संरचना उतरवून घेईल आणि त्याच किल्लीने आत येईल. यादी जशीच्या तशी राहते. पासवर्ड नंतर बदलला तरी त्याची वाट उघडीच.

हे ओळखायचं कसं? वायरगार्ड स्वतः कोण कधी आलं याची नोंदवही ठेवत नाही. आत्ता काय चाललंय एवढंच ते सांगतं, आणि तेही विचारलं तर:

```
docker exec wg-easy wg show
```

इथे प्रत्येक किल्लीपुढे दोन गोष्टी दिसतात. एक endpoint, म्हणजे ते उपकरण इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावरून बोलतंय, आणि दुसरी latest handshake, म्हणजे शेवटची ओळख किती वेळापूर्वी पटली. टनेलमधून माहिती ये-जा करत असेल तर दर दोन मिनिटांनी नवी ओळख होते. वायरगार्डची रीत अशी की एका किल्लीसाठी एकच पत्ता लक्षात ठेवायचा आणि ज्या पत्त्यावरून शेवटचा खरा संदेश आला तो धरायचा. म्हणून एकच किल्ली दोन ठिकाणी वापरली जात असेल तर endpoint या पत्त्यावरून त्या पत्त्यावर उड्या मारत राहतो, आणि खऱ्या वापरकर्त्याची जोडणी सारखी तुटते-जुळते. फोनचा पत्ता वायफाय आणि मोबाइल डेटात बदलतच असतो, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ऑफिसात एका जागी असलेल्या संगणकाचा endpoint वेगळ्याच कंपनीच्या जाळ्यातला दिसू लागला, किंवा बंद करून कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपची शेवटची ओळख एक मिनिटापूर्वीची निघाली, तर ती किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहे.

अशा वेळी पॅनेलचा पासवर्ड बदलून भागत नाही. सर्व्हरची जोडी आणि प्रत्येक उपकरणाची जोडी नव्याने तयार करावी लागते, आणि यंत्रही नव्याने उभारलेलं बरं. एक दिलासा आहे: आधी कुणी कूटबद्ध संदेश साठवून ठेवले असतील तर चोरीला गेलेल्या किल्लीने ते उघडता येत नाहीत, कारण प्रत्येक सत्राची स्वतंत्र, तात्पुरती किल्ली असते आणि ती नंतर टाकून दिली जाते.

हा धोका फक्त हौशी प्रकल्पांपुरता आहे असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या नावाजलेल्या कंपनीच्या फायरवॉलमधल्या व्यवस्थापनाच्या वेब पानात दोन चुका सापडल्या, आणि त्या सापडेपर्यंत हल्लेखोरांनी त्यांचा वापर सुरूही केला होता. पहिल्या चुकीमुळे लॉगिन न करताच प्रशासक होता येत होतं: विनंतीबरोबर एक विशिष्ट ओळ जोडली की ओळखीची तपासणीच टळत होती. दुसरीमुळे तिथून रूटपर्यंत जाता येत होतं. ज्यांनी ते पान इंटरनेटसाठी उघडं ठेवलं होतं तेच मुख्यतः सापडले. कूटबद्धतेला कुठेही धक्का लागला नव्हता. त्याआधी, जून २०२३ मध्येच, अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या संघीय कार्यालयांना बंधनकारक आदेश दिला होता की व्यवस्थापनाचं असं पान इंटरनेटवर उघडं आढळलं तर चौदा दिवसांत ते हटवा किंवा वेगळ्या प्रवेशनियंत्रणामागे न्या. मोठ्या कंपनीच्या पगारी चमूकडून अशी चूक राहते, तर मोकळ्या वेळात चालवलेल्या प्रकल्पात ती राहणारच नाही असं धरून चालता येत नाही. हे त्या प्रकल्पांना नावं ठेवण्यासाठी म्हणत नाही. त्यांची माणसं मनापासून काम करतात, पंधराव्या आवृत्तीत त्यांनी लॉगिनला दुसऱ्या कोडची जोडही दिली आहे. पण वेबचं पान म्हटलं की चुका निघत राहणार.

पुष्कळजण यावर उपाय म्हणून पॅनेलपुढे https आणि स्वतःचं नाव लावतात, जसं vpn किंवा wg ने सुरू होणारं उपनाव. पासवर्ड वाटेत कुणाला दिसू नये यासाठी हे चांगलं आहे, पण येणारा कोण आहे हे त्यातून तपासलं जात नाही. शिवाय प्रमाणपत्र मिळालं की ते नाव सार्वजनिक नोंदींमध्ये छापलं जातं, कारण प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची उघड नोंद ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे. या नोंदी वाचत बसणारे प्रोग्राम आहेत. ‘माझं उपनाव कुणाला माहीत नाही’ या भरवशावर राहू नये.

माझं मत असं की पॅनेल ठेवायचं तर वायरगार्डच्या आतच ठेवावं. wg-easy च्या बाबतीत एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी: टनेल आणि पॅनेल एकाच कंटेनरमध्ये राहतात. ‘काम झालं की पॅनेल बंद करून टाकू’ म्हणून कंटेनर थांबवला तर सगळ्यांचा व्हीपीएनही बंद पडतो. म्हणून थांबवण्याऐवजी त्याचं बाहेरचं दार बंद करायचं. डॉकरच्या फायलीत पोर्टच्या दोन ओळी अशा ठेवायच्या:

```
ports:
  - "51820:51820/udp"
  - "127.0.0.1:51821:51821/tcp"
```

पहिली ओळ वायरगार्डची, ती जगासाठी उघडी. दुसऱ्या ओळीत पुढे लागलेला 127.0.0.1 हा पत्ता यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा आहे. आता पॅनेल फक्त सर्व्हरच्या आतून उघडतं. सुरुवातीला, पहिलं उपकरण जोडण्यासाठी, आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचची वाट काढायची:

```
ssh -L 51821:127.0.0.1:51821 user@203.0.113.10
```

ही जोडणी चालू असेपर्यंत आपल्याच ब्राउझरमध्ये `http://127.0.0.1:51821` लिहिलं की पॅनेल दिसतं. पान http असलं तरी सगळा प्रवास एसएसएचच्या आतून होतो. पंधरावी आवृत्ती मात्र साध्या http वर लॉगिन होऊ देत नाही. तिला `INSECURE=true` असं स्पष्ट सांगावं लागतं. नाव भीतीदायक असलं तरी या मांडणीत ते वावगं नाही. दार बाहेर उघडं ठेवून तेच लिहिलं तर मात्र धोका पत्करला.

एकदा आपलं पहिलं उपकरण टनेलमध्ये आलं की एसएसएचचीही रोज गरज लागत नाही. टनेलच्या आतून `http://10.8.0.1:51821` वर पॅनेल मिळतं, कारण कंटेनरच्या आत ते सगळ्या पत्त्यांवर ऐकत असतं. याचीच दुसरी बाजू अशी की ते टनेलमधल्या प्रत्येकाला मिळतं, आर्टिकलशिपच्या मुलांनाही. ते थांबवायला वायरगार्डचाच एक गुण कामी येतो. टनेलमध्ये प्रत्येक पत्ता एका किल्लीशी बांधलेला असतो, ज्याच्याकडे 10.8.0.7 ची किल्ली आहे त्याला 10.8.0.2 असल्याचं सोंग घेता येत नाही. म्हणून पत्त्यावरून अडवणं, जे उघड्या इंटरनेटवर पुरेसं भरवशाचं नसतं, ते इथे भरवशाचं आहे. मॅडमच्या लॅपटॉपला 10.8.0.2 दिला असेल तर टनेल सुरू होतानाच्या आज्ञांमध्ये, आधीच्या आज्ञा तशाच ठेवून, एवढी ओळ वाढवायची:

```
iptables -I INPUT -i wg0 -p tcp --dport 51821 ! -s 10.8.0.2 -j DROP
```

आता पॅनेलचा पासवर्ड कुणाला कळला तरी त्याला आधी मॅडमच्या लॅपटॉपची किल्ली लागेल. एवढं केल्यावर एक नवा प्रश्न उभा राहतो: टनेलच बिघडलं तर पॅनेलपर्यंत जायचं कसं? त्यासाठी एसएसएचची वाट मोडू नये. एसएसएचही इंटरनेटवर उघडी असलेली सेवा आहे आणि तिच्यातही २०२४ मध्ये एक गंभीर चूक सापडली होती. पण पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त किल्लीने ठेवला आणि यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत राहिल्या, तर जगातले असंख्य डोळे वर्षानुवर्षं ज्यावर आहेत असं ते सॉफ्टवेअर आहे. उघडं ठेवायचंच असेल तर ते एकच ठेवावं.

दुरुस्त्यांविषयी दोन शब्द. आपोआप नवी आवृत्ती उतरवणारी व्यवस्था पॅनेलच्या कंटेनरला लावू नये. चौदाव्याहून पंधराव्या आवृत्तीत जाताना मांडणी पार बदलली होती. नकळत असा बदल झाला तर सगळं ऑफिस एका सकाळी बाहेर अडकतं. आवृत्तीचा आकडा फायलीत लिहून ठेवावा आणि नवी आली की तिच्या सूचना वाचून, किल्ल्यांची प्रत काढून, मगच बदलावी. दार बाहेर बंद असेल तर एखादा आठवडा उशीर झाला तरी आभाळ कोसळत नाही. दार उघडं असेल तर तो आठवडा जोखमीचा असतो.

खाजगी किल्ल्या एका जागी साठवण्याचा प्रश्न मात्र या सगळ्याने सुटत नाही. वायरगार्ड-यूआयमध्ये उपकरणाची सार्वजनिक किल्ली आपण स्वतः देऊ शकतो, मग सर्व्हर खाजगी किल्ली तयारही करत नाही आणि साठवतही नाही. अर्थात क्यूआर कोडही मिळत नाही. फोनच्या अॅपमध्ये ‘नव्याने तयार करा’ निवडून किल्लीची जोडी तिथेच घडवायची आणि फक्त सार्वजनिक अर्धा भाग पाठवायचा, हे पाच मिनिटांचं काम आहे. अशिलांच्या फायली ज्या दोन-तीन लॅपटॉपवरून उघडल्या जातात त्यांच्यापुरतं तरी ते करावं.

घरातली चार-पाच उपकरणं, वर्षाकाठी एखादा बदल, एवढाच व्याप असेल तर पॅनेल बसवूच नये असं मी म्हणेन. वर दिलेली एक आज्ञा आणि प्रत्येक किल्लीशेजारी लिहिलेलं नाव एवढ्यावर भागतं, आणि सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्राम कमी होतो. माणसं येत-जात असतील, किल्ल्या काढायला विसरायला होत असेल, सर्व्हरची आज्ञावली हाताळणारा माणूस हाताशी नसेल, तर पॅनेल जरूर वापरावं, पण आतच.

ज्यांच्याकडे असं पॅनेल आधीच चालू आहे त्यांनी आज एक करावं. फोनचं वायफाय आणि व्हीपीएन दोन्ही बंद करून मोबाइल डेटावर, ब्राउझरमध्ये आपल्या सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता आणि पुढे `:51821` लिहून पाहावं. आपण पोर्ट बदलला असेल किंवा उपनाव लावलं असेल तर ते. पान उघडलं तर ते जगालाही उघडतंय. ते बंद करावं, आणि किती दिवस उघडं होतं हे सांगता येत नसेल तर सगळ्या किल्ल्याही बदलाव्यात.